लंबवर्तुळातला सर्वांत मोठा आयत: λ आणि क्षेत्रफळ दोन्ही ३० का येतात, आणि ते तपासायचं कसं

प्रश्न: x²/25 + y²/9 = 1 या लंबवर्तुळात बसणारा सर्वांत मोठा आयत लाग्रांज गुणकाने काढला. क्षेत्रफळ ३० आलं आणि गुणक λ सुद्धा ३०च आला. हा योगायोग आहे का? दुसऱ्या विकलजांची चाचणी लावली तर शून्य येतं, आणि लाग्रांजचं फलन L कंप्युटरला महत्तम करायला दिलं तर आकडे वाढतच जातात. मग उत्तर बरोबर आहे हे कसं तपासू?

उत्तर:

उत्तर बरोबर आहे, आणि λ ३० येणं हा योगायोग नाही. चाचणीतलं शून्य आणि कंप्युटरचे वाढत जाणारे आकडे या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. ते कारण एका ओळीच्या बीजगणितात स्पष्ट दिसतं. पण त्याआधी गणिताची मांडणी नीट पाहू, कारण तिच्यात एक गोष्ट सहसा न सांगता गृहीत धरली जाते.

आपण पहिल्या चरणातला शिरोबिंदू (x, y) धरतो आणि क्षेत्रफळ 4xy लिहितो. म्हणजे आयताच्या बाजू अक्षांना समांतर आहेत असं आपण मानूनच चालतो. तिरपा आयत मोठा निघणार नाही कशावरून? याचं कारण छोटं आहे. लंबवर्तुळ एका दिशेने ताणलं की त्याचं वर्तुळ होतं, आणि ताणल्यावर समांतर रेषा समांतरच राहतात. त्यामुळे लंबवर्तुळातल्या आयताचा वर्तुळात निदान समांतरभुज चौकोन तरी होतो. वर्तुळात बसणारा समांतरभुज चौकोन आयतच असतो आणि त्याचे कर्ण केंद्रात छेदतात. ताण उलटा सोडला की कळतं, मूळ आयताचे कर्णही लंबवर्तुळाच्या केंद्रातच छेदतात. आता आयताचे कर्ण समान असतात, म्हणून चारही शिरोबिंदू केंद्रापासून सारख्या अंतरावर आहेत. लंबवर्तुळावर एका ठरावीक अंतरावरचे बिंदू (±x, ±y) असे चारच सापडतात. म्हणजे लंबवर्तुळावर चारही शिरोबिंदू असलेला तिरपा आयत मुळात अस्तित्वातच नाही. हे फक्त लंबवर्तुळाचे अर्धअक्ष a आणि b वेगळे असतानाच खरं आहे. वर्तुळात आयत हवा तसा फिरवता येतो, पण फिरवून क्षेत्रफळ बदलत नाही.

आता समीकरणं मांडू.

L = 4xy − λ(x²/25 + y²/9 − 1)

आंशिक विकलज शून्य धरले की

4y = 2λx/25
4x = 2λy/9

इथे बरेच जण एका समीकरणाला दुसऱ्याने भागतात. चालतं, पण मग कुठे शून्याने भागलं जात नाही ना, याची काळजी घ्यावी लागते. त्यापेक्षा पहिल्याला x ने आणि दुसऱ्याला y ने गुणा. डाव्या बाजूला दोन्हीकडे 4xy येतं, म्हणून

4xy = 2λ·x²/25 = 2λ·y²/9

λ शून्य असता तर x आणि y दोन्ही शून्य झाले असते आणि अट मोडली असती. म्हणून λ शून्य नाही आणि x²/25 = y²/9. दोघांची बेरीज १, म्हणजे प्रत्येक अर्धा. त्यावरून x = 5/√2 ≈ 3.5355, y = 3/√2 ≈ 2.1213 आणि क्षेत्रफळ 4xy = 30. सर्वसाधारण a, b साठी हेच 2ab होतं.

वरच्याच ओळीत λ सुद्धा लपलेला आहे. x²/25 च्या जागी अर्धा ठेवा: 4xy = 2λ·(1/2) = λ. λ म्हणजे क्षेत्रफळच. असं होतं कारण 4xy हे द्विघाती आहे आणि अटीतली x²/25 + y²/9 ही राशीसुद्धा द्विघातीच आहे. x, y दोन्ही s पट केले की दोघीही s² पट होतात. उजवीकडच्या १ च्या जागी c लिहिला तर सर्वांत मोठं क्षेत्रफळ 30c होतं, आणि λ म्हणजे c थोडा वाढवल्यावर क्षेत्रफळ किती वेगाने वाढतं तो दर. 30c चा दर ३०च असणार.

मात्र हा मेळ अट कशी लिहिली यावर अवलंबून आहे. तीच अट 9x² + 25y² = 225 अशी लिहिली तर आयत तोच येतो, क्षेत्रफळही ३०च येतं, पण λ = 30/225 = 2/15 होतो. काही जण 4xy ऐवजी नुसतं xy महत्तम करतात, त्यांना मूळ अटीसह λ ७.५ मिळतो. म्हणून दोघांचे λ जुळले नाहीत म्हणून लगेच चूक शोधू नका. आधी दोघांनी अट आणि फलन कसं लिहिलंय ते पाहा.

आता तुमच्या शून्याकडे वळू. λ = 30 ठेवून L चे दुसरे विकलज काढले तर L_xx = −60/25 = −2.4, L_yy = −60/9 ≈ −6.667 आणि L_xy = 4. L_xx·L_yy = 16 आणि L_xy² = 16, म्हणून वजाबाकी शून्य. तुमची आकडेमोड बरोबर आहे, चाचणी चुकीची निवडली आहे. ती चाचणी अट नसलेल्या प्रश्नांसाठी असते. ती विचारते की (x, y) कुठल्याही दिशेने हलवला तर L कमी होतो का. आपल्याला मात्र फक्त लंबवर्तुळावरून हलायची मुभा आहे. आपल्या बिंदूपाशी स्पर्शिकेची दिशा (5, −3) आहे. त्या दिशेने दुसरा विकलज काढा:

−2.4·25 − 6.667·9 + 2·4·(5)(−3) = −60 − 60 − 120 = −240

तो ठळकपणे ऋण आहे, म्हणजे लंबवर्तुळावरून दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला थोडं सरकलो तरी क्षेत्रफळ घटतं. इथे महत्तमच आहे.

पण मला या प्रश्नात सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची आहे. λ = 30 ठेवून L चं पूर्ण वर्ग रूप लिहून पाहा:

L = 30 − 30·(x/5 − y/3)²

कंस सोडवून ताळा करा: वर्गातून −30x²/25 − 30y²/9 + 4xy येतं, आणि सुरुवातीचा ३० अटीतल्या −1 मुळे आलेला आहे. लंबवर्तुळावर L आणि 4xy एकच असतात, कारण तिथे λ चा कंस शून्य होतो. म्हणून लंबवर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूसाठी

4xy = 30 − 30·(x/5 − y/3)² ≤ 30

आणि बरोबरी फक्त x/5 = y/3 असताना. ही पूर्ण सिद्धता झाली. ती फक्त आसपासच्या बिंदूंपुरती नाही, साऱ्या लंबवर्तुळाला लागू आहे. कुठलीही चाचणी लावायची गरज उरली नाही. गुणकाची पद्धत पुष्कळदा नुसता उमेदवार बिंदू देते आणि तो खरोखर सर्वांत मोठा आहे हे वेगळं दाखवावं लागतं. इथे गुणकाचं मूल्यच ते काम करून जातं.

याच रूपात तुमचं शून्य दिसतं. x/5 = y/3 या सरळ रेषेवर L सगळीकडे ३०च आहे, अगदी सपाट, जणू एका लांब डोंगराची धार. त्या धारेच्या दिशेने दुसरा विकलज शून्य असणारच. L स्वतःहून बिंदू ठरवत नाही, तो फक्त रेषा ठरवतो. त्या रेषेवर नेमकं कुठे थांबायचं हे अट सांगते.

कंप्युटरचंही तसंच. या रेषेवर x = 5s, y = 3s घेतलं तर 4xy = 60s² आणि अटीतला कंस 2s² − 1. आता λ जरासा कमी, म्हणजे २९ धरा. L = 29 + 2s² होतो आणि s वाढवत गेलात तर त्याला अंतच नाही. λ ३१ धरा, L = 31 − 2s² होतो आणि महत्तम s = 0 ला, म्हणजे थेट केंद्रात, जिथे आयतच नाही. ३० हा अगदी काठावरचा आकडा आहे. λ लाही मोकळं सोडून तिघांना एकत्र महत्तम करायला सांगितलं तर आणखी बिघडतं. x = y = 0 ठेवा, मग L = λ, आणि λ हवा तेवढा वाढवता येतो. ऑप्टिमायझरने तुम्हाला वाढते आकडे दाखवले ते प्रामाणिकपणेच दाखवले, कारण त्याला दिलेल्या प्रश्नाला महत्तम नाहीच. L चा तो बिंदू म्हणजे शिखर नसून खिंड आहे. λ च्या बाजूने पाहिलं तर आपण उलट खाली येतो: ३० किंवा त्याहून मोठा कुठलाही λ घेतला तर सगळ्या (x, y) मधून मिळणारं L चं महत्तम बरोबर λ येतं, म्हणजे क्षेत्रफळावरची एक वरची मर्यादा. त्यातली सर्वांत घट्ट मर्यादा ३० आहे, आणि ती आपण प्रत्यक्ष गाठतो.

म्हणून कंप्युटरला L महत्तम करायला सांगू नका, तीन समीकरणं सोडवायला सांगा.

```python
import numpy as np
from scipy.optimize import fsolve

a, b = 5.0, 3.0

def F(v):
    x, y, m = v
    return [4*y - 2*m*x/a**2,
            4*x - 2*m*y/b**2,
            x**2/a**2 + y**2/b**2 - 1]

s = fsolve(F, [4.0, 1.5, 20.0])
print(s, 4*s[0]*s[1], np.abs(F(s)).max())
```

शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तिन्ही समीकरणांत उत्तर ठेवल्यावर शून्यापासून जास्तीत जास्त किती फरक उरतो, तो हा आकडा. तो अगदी नगण्य असला पाहिजे. तो न पाहता नुसत्या क्षेत्रफळावर विश्वास ठेवला तर काय होतं, ते न्यूटनच्या पद्धतीने याच सुरुवातीपासून हाताने पावलं टाकून पाहिलं की समजतं. (४, १.५, २०) पासून पहिल्या पावलानंतर x ३.५०४, y २.३०६ आणि λ ३१.३० येतो. दुसऱ्यानंतर ३.५३८, २.१२७ आणि ३०.०५. तिसऱ्यानंतर ३.५३५५, २.१२१३ आणि ३०.००. तीन पावलांत काम होतं. पण पहिल्या पावलानंतरचं क्षेत्रफळ काढा: ३२.३ येतं, खऱ्या महत्तमापेक्षा जास्त! कारण तो बिंदू लंबवर्तुळाच्या बाहेर आहे. x²/25 + y²/9 तिथे १ ऐवजी सुमारे १.०८ आहे. अट किती पाळली गेली हे न बघता क्षेत्रफळाची तुलना करणारा प्रोग्रॅम हाच बिंदू सर्वोत्तम म्हणून उचलून ठेवेल. माझ्या एका जुन्या कामात मी नेमकी हीच चूक केली होती आणि वाढीव उत्तर बरेच दिवस खरं मानलं होतं. तेव्हापासून अटीतला फरक मी क्षेत्रफळाच्या शेजारीच छापतो.

सुरुवात कुठून करायची यालाही महत्त्व आहे. तिन्ही शून्य देऊ नका. तिथे अटीचे x, y बाबतचे विकलज शून्य असतात, विकलजांच्या मॅट्रिक्सची एक ओळ पूर्ण शून्य होते आणि पुढचं पाऊलच काढता येत नाही. y आणि λ ऋण देऊन सुरुवात केली तर (३.५३५५, −२.१२१३, −३०) मिळतं. ते चूक नाही. 4xy हे चिन्हासकट मोजलं जातं, म्हणून खालच्या शिरोबिंदूसाठी ते −30 येतं, आयत मात्र तोच आहे. एकूण चार उत्तरं आहेत, दोन λ = 30 ची आणि दोन λ = −30 ची, आणि ती एकाच आयताचे चार कोपरे आहेत. अक्षांवरची टोकं, जसं (5, 0), या समीकरणांतून निघत नाहीत. तिथे आयत चपटा होऊन क्षेत्रफळ शून्य होतं, पण 4xy चिन्ह बदलत पुढे जातं, म्हणून तिथे वळण नाही.

आता खरी पडताळणी. fsolve ने तीच समीकरणं सोडवली जी तुम्ही कागदावर मांडली. विकलज काढतानाच चूक झाली असेल तर दोन्हीकडे तीच चूक राहील. म्हणून गुणकाला हातही न लावता एकदा तपासा. y अटीतून काढा आणि क्षेत्रफळ फक्त x चं फलन म्हणून लिहा:

A(x) = 12x·√(1 − x²/25)

x = 3 ला वर्गमूळ ०.८ येतं आणि A = 28.8. x = 4 ला वर्गमूळ ०.६ आणि पुन्हा A = 28.8. हे दोन आकडे तोंडी निघतात आणि दोन्ही बाजूंनी उतार आहे हे लगेच सांगतात. मध्ये x = 3.5 ला २९.९९४०, x = 3.6 ला २९.९७९७. आणखी जवळ गेलात तर ३.५३ ला २९.९९९९ आणि ३.५४ लाही २९.९९९९.

हे शेवटचे दोन आकडे नीट पाहा. x दुसऱ्या दशांश स्थळी बदलला तरी क्षेत्रफळ चार दशांशांपर्यंत हललं नाही. शिखराजवळ A(x) सुमारे 30 − 4.8·(x − 3.5355)² असं वागतं, म्हणजे x मधली चूक वर्ग होऊन क्षेत्रफळात उतरते. नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या आकड्यांत ३० च्या आसपास दोन लगतच्या संख्यांमधलं अंतर सुमारे 3.6×10⁻¹⁵ असतं. त्यापेक्षा लहान फरक कंप्युटरला दिसतच नाही, म्हणून नुसतं A पाहून x शोधणारी कुठलीही पद्धत सुमारे 3×10⁻⁸ च्या पलीकडे अचूक होऊ शकत नाही. अशा पद्धतीचा x सातव्या-आठव्या दशांशानंतर 5/√2 शी जुळला नाही तर घाबरू नका, सूत्र चुकलेलं नाही. गुणकाच्या समीकरणांत मात्र विकलज शून्य करायचे असतात, तिथे चूक वर्ग होत नाही आणि x जवळपास सगळ्या अंकांपर्यंत अचूक मिळतो. म्हणून माझी सवय अशी आहे: क्षेत्रफळाची तुलना थेट शोधाशी करायची, x आणि y ची अचूकता समीकरणांतल्या उरलेल्या फरकावरून पाहायची.

λ ची तपासणी राहिली. अटीतला १ बदलून १.०१ करा आणि सगळं पुन्हा चालवा. वरच्या कोडमध्ये F च्या शेवटच्या ओळीतला `- 1` बदलून `- 1.01` केलं की झालं. क्षेत्रफळ ३०.३ येतं. वाढ ०.३, अटीतला बदल ०.०१, भागाकार ३०. अट 9x² + 25y² = 225 अशी लिहिली असेल तर २२५ चं २२६ करा: क्षेत्रफळ ३०.१३३३ होतं, आणि वाढ ०.१३३३ म्हणजे तिथला λ, २/१५.

अजून एक ताळा हवा असेल तर वेगळे a, b घेऊन आयताचं क्षेत्रफळ भागिले लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. 2ab/(πab) मध्ये a, b उरतच नाहीत. गुणोत्तर नेहमी 2/π, म्हणजे सुमारे ०.६३६६ आलं पाहिजे. तुमच्या आकड्यांत ३० भागिले ४७.१२४. a, b बदलल्यावर हे गुणोत्तर हललं, तर कोडमध्ये कुठेतरी a² च्या जागी a किंवा २५ राहून गेला आहे.